घरी झकास, कार्यक्रमात फिका: पॉकेट प्रोजेक्टर अंधुक दिसतो आणि मध्येच बंद पडतो तेव्हा

अंबाजोगाईत माझं मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे. गेल्या काही वर्षांत फोनसोबत तळहातावर मावतील एवढे प्रोजेक्टर दुकानात यायला लागले. कुणी शेतकरी गटाचा आणतं, कुणी बचत गटाचा, कुणी शिकवणीच्या सरांचा. तक्रार जवळजवळ ठरलेली असते: "घरी लावला तेव्हा एकदम झकास दिसला. कार्यक्रमात लावला तर काहीच दिसंना, आणि वरून तासाभरात बंद पडला." यातले बहुतेक प्रोजेक्टर मी उघडलेलेसुद्धा नाहीत, कारण बिघाड आत नव्हताच. घरची खोली आणि देवळाचा सभामंडप यांत जो फरक असतो, तो या छोट्या यंत्राला पेलत नाही. कुठला फरक किती नडतो, ते स्वस्तातल्या तपासणीपासून क्रमानं सांगतो.

सोबत एक उदाहरण चालवतो. केज तालुक्यातल्या एका गावात मेअखेरीस देवळाच्या सभामंडपात शेतकरी गटाची बैठक होती. विषय सोयाबीनच्या घरच्या बियाण्याची उगवण तपासायचा: शंभर दाणे मोजून ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवायचे आणि सत्तर उगवले तर बियाणं पेरण्याजोगं. तीसेक माणसं आली होती. व्हिडिओ फोनमध्ये होता आणि प्रोजेक्टर नवा, शंभर एएनएसआय ल्युमेनचा; ल्युमेन म्हणजे उजेडाचं माप. आदल्या रात्री गटाच्या अध्यक्षांनी, ज्यांना सगळे अण्णा म्हणतात, तो घरी लावून पाहिला होता. बैठकीत मात्र भिंतीवर नुसता राखाडी धूर दिसला आणि निम्म्यात यंत्र बंद पडलं. दुसऱ्या दिवशी अण्णा ते घेऊन दुकानात आले. "भाऊ, हे परत करायचं का?" म्हणाले. मी म्हणालो, आधी जिथं लावलं होतं तिथंच बघू. संध्याकाळी त्यांच्यासोबत गावात गेलो.

लक्षणं: आधी हे नीट पाहून घ्या

तुमच्याकडे नेमकं काय होतंय ते ठरवा, कारण वरवर सारख्या दिसणाऱ्या तक्रारींची कारणं वेगळी असतात.

चित्र दिसतं, पण फिकं दिसतं. काळे भाग राखाडी दिसतात, अक्षरं ओळखू येतात पण चेहरे नाहीत. हे उजेडाचं आणि अंतराचं लक्षण.

चित्र पुरेसं उजळ आहे पण धूसर, कडा पसरलेल्या. हे फोकसचं किंवा भिंत-कापडाचं.

चालता चालता पंख्याचा आवाज वाढत जातो, अंग चटका बसेल असं तापतं, मग यंत्र बंद पडतं. दहा-पंधरा मिनिटांनी पुन्हा सुरू होतं आणि बॅटरी शिल्लक दिसते. हे उष्णतेचं.

बॅटरीचं चिन्ह लाल होतं, यंत्र बंद पडतं, पुन्हा लावलं तर काही सेकंदात मिटतं. हे बॅटरीचं.

आवाज येतो पण पडदा काळा, किंवा चित्र अडखळत चालतं. हे फोन आणि प्रोजेक्टरच्या जोडणीचं.

अण्णांच्या प्रोजेक्टरला पहिलं आणि तिसरं लक्षण होतं. बंद पडल्यावर लोक उठून गेले, आणि पंधरा मिनिटांनी पोरांनी सहज बटण दाबलं तर सुरू झाला. बॅटरीच्या चार ठिपक्यांपैकी दोन अजून शिल्लक होते. ही एवढी गोष्ट त्यांनी सांगितली आणि माझं निम्मं काम झालं.

पहिली तपासणी: प्रोजेक्टर बंद ठेवून भिंत बघा

याला पैसा लागत नाही आणि मिनिटभरात होते, म्हणून हीच आधी.

प्रोजेक्टर काळा रंग फेकू शकत नाही. चित्रात जिथं काळं आहे तिथं तो फक्त उजेड टाकत नाही, एवढंच. म्हणजे प्रोजेक्टर बंद असताना भिंत जेवढी उजळ दिसते, तेवढाच तुमच्या चित्रातला काळा रंग. ट्यूबलाईटच्या उजेडात भिंत पांढरी दिसत असेल, तर सिनेमातली रात्रसुद्धा पांढरीच दिसणार. मोठ्या हॉलमधले प्रोजेक्टर तीन-चार हजार ल्युमेनचे असतात, ते या उजेडावर मात करतात. शंभर-दोनशेवाल्यांना ते जमत नाही.

तपासायची माझी पद्धत साधी आहे. प्रोजेक्टर बंद ठेवायचा, चित्र जिथं पडणार आहे तिथं भिंतीला टेकवून वर्तमानपत्र धरायचं. बारीक अक्षरांची बातमी सहज वाचता आली तर उजेड जास्त आहे. फक्त मोठा मथळा कसाबसा ओळखू आला तर चालेल.

सभामंडपात आम्ही हे केलं तेव्हा बातमी आरामात वाचता आली. मंडपातली ट्यूब बंद होती, पण गाभाऱ्यातला दिवा थेट समोरच्या भिंतीवर पडत होता आणि रस्त्यावरच्या खांबाचा एलईडी कमानीतून आत येत होता. देवापुढचा दिवा विझवा असं कुणाला म्हणता येत नाही, म्हणावंही नाही. आम्ही भिंत बदलली. गाभाऱ्याकडे पाठ असलेली आतली भिंत घेतली आणि कमानीला सतरंजी आडवी टांगली. एवढ्यानं मथळासुद्धा डोळे ताणून वाचावा लागला.

उघड्यावर कार्यक्रम असेल तर वेळ सांभाळा. मेअखेरीस आपल्याकडे सूर्य सातच्या सुमारास मावळतो आणि त्यानंतर अर्धा तास आभाळात भरपूर उजेड असतो. डोळ्यांना अंधार पडल्यासारखा वाटतो, पण प्रोजेक्टरला तो दिवसच असतो. साडेसातच्या आधी चित्र लावू नका. अण्णांची बैठक सव्वासातला सुरू झाली होती. चांदण्याची मात्र काळजी करू नका. पौर्णिमेचा चंद्रही या कामात नडत नाही.

दुसरी तपासणी: अंतर मोजा, पावलांनी नाही, टेपनं

सगळ्यात जास्त घोळ इथं होतो, म्हणून इथं जरा थांबतो.

माणसं जास्त आली की आपण प्रोजेक्टर मागं सरकवतो, चित्र मोठं दिसावं म्हणून. चित्र मोठं होतं हे खरं, पण यंत्रातून निघणारा उजेड तेवढाच राहतो. एका भाकरीला पुरेल एवढं पीठ थापून दोन भाकरींएवढं पसरलं तर ती पातळच होणार. अंतर दुप्पट केलं की चित्राची रुंदीही दुप्पट होते आणि उंचीही दुप्पट, म्हणजे क्षेत्रफळ चौपट. उजेड चौथ्या हिश्श्यावर येतो.

अण्णांचा हिशेबच बघा. यातल्या बहुतेक छोट्या प्रोजेक्टरचं अंतराचं प्रमाण १.२ च्या आसपास असतं; तुमच्या यंत्राचं माहितीपत्रकात ‘throw ratio’ या नावानं लिहिलेलं असेल. अर्थ एवढाच की भिंतीपासूनचं अंतर भागिले १.२ म्हणजे चित्राची रुंदी. घरी त्यांनी प्रोजेक्टर साडेपाच फुटांवर ठेवला होता. रुंदी आली साधारण ४.६ फूट, उंची २.६ फूट, म्हणजे बारा चौरस फुटांचं चित्र. मंडपात ठेवला अकरा फुटांवर. रुंदी नऊ फुटांच्या पुढं गेली आणि चित्र झालं सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीस चौरस फुटांचं. घरी एका चौरस फुटाला मिळणारा उजेड शंभर धरला, तर मंडपात तो पंचवीस झाला.

त्यात घरी प्रोजेक्टर लाईटीवर चालत होता आणि मंडपात बॅटरीवर. बॅटरीवर गेला की यातले पुष्कळ प्रोजेक्टर बॅटरी टिकावी म्हणून आपोआप उजेड कमी करतात. यांचा साठ टक्क्यांच्या आसपास येतो, तसं त्याच्या माहितीपत्रकातच होतं. पंचवीसचे साठ टक्के म्हणजे पंधरा. घरी रुपयाभर उजेड होता तो मंडपात पंधरा पैसे झाला, आणि त्यावर गाभाऱ्याचा दिवा. हे ऐकल्यावर अण्णा थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "म्हणजे यंत्राची काही चूक नव्हतीच की." नव्हतीच.

मग किती अंतर ठेवायचं? मी उलट्या बाजूनं येतो. सगळ्यात मागं बसलेला माणूस चित्राच्या उंचीच्या सहा पटींपेक्षा लांब नको, म्हणजे त्याला अक्षरं वाचता येतात. तीस माणसं सतरंजीवर दाटीनं बसली तर शेवटची रांग भिंतीपासून अठरा फुटांच्या आत येते. अठरा भागिले सहा, म्हणजे तीन फूट उंचीचं चित्र पुरे. तीन फूट उंचीला रुंदी येते साडेपाच फुटांच्या आत-बाहेर आणि त्यासाठी प्रोजेक्टर साडेसहा फुटांवर हवा. आम्ही तिथं ठेवला. चित्र सोळा-सतरा चौरस फुटांचं झालं, आधीच्या जवळजवळ तिसऱ्या हिश्श्याएवढं, आणि उजेड तिप्पट झाला. नऊ फुटांच्या धुरापेक्षा साडेपाच फुटांचं ठसठशीत चित्र मागच्या म्हाताऱ्या माणसालाही बरं दिसतं. चित्र लहान केलं म्हणून कुणाचा मान कमी होत नाही, हे मला दर वेळी आयोजकांना समजावून सांगावं लागतं.

साडेसहा फुटांवर ठेवला की प्रोजेक्टर माणसांच्या मध्येच येतो, ही अडचण खरी आहे. मधोमध दोन फूट रुंद वाट मोकळी ठेवा आणि दोन्ही अंगांना बसवा. चित्राची खालची कड जमिनीपासून तीन फुटांवर ठेवा, म्हणजे पुढच्यांची डोकी मागच्यांच्या आड येत नाहीत.

खरेदीच्या वेळी एक गोष्ट लक्षात ठेवा. खोक्यावर हजारोंत ल्युमेनचा आकडा आणि यंत्र मुठीएवढं, असं दिसलं तर तो आकडा भिंतीवर पडणाऱ्या उजेडाचा नसतो. एएनएसआय ल्युमेन किती ते विचारा. तो पडद्यावर नऊ ठिकाणी मोजून काढतात. आत बॅटरी असलेल्या छोट्या यंत्रांत तो साधारण शंभर ते दोनशेच्या आसपास असतो, आणि वरचे सगळे हिशेब त्याच आकड्यावर चालतात.

तिसरी तपासणी: यंत्रातली मांडणी

सेटिंगमध्ये जाऊन उजेडाची पातळी बघा. `Eco`, `Standard`, `Bright` अशी नावं असतात. लाईटीची सोय असेल तर सगळ्यात वरची ठेवा. बॅटरीवर असताना वरची पातळी निवडताच येत नसेल तर तो बिघाड नाही, यंत्र मुद्दाम तसं बनवलेलं असतं.

दुसरं `Keystone`. प्रोजेक्टर खाली ठेवून तोंड वर केलं की चित्र वर पसरट आणि खाली निमुळतं होतं, आणि कीस्टोननं ते चौकोनी दिसतं. पण त्यासाठी यंत्र चित्राचा काही भाग वापरायचं सोडून देतं; उजेडही जातो आणि बारकावेही. अण्णांनी उपड्या पातेल्यावर प्रोजेक्टर ठेवून तोंड बरंच वर केलं होतं. आम्ही तो स्टुलावर चढवून भिंतीसमोर सरळ केला आणि कीस्टोन शून्यावर आणला. फोकस पुन्हा बसवावा लागला. फोकस जुळवताना चेहरा बघू नका, मधली अक्षरं बघा, आणि यंत्र गरम झाल्यावर पाचेक मिनिटांनी पुन्हा एकदा बघा, कारण तापल्यावर तो किंचित सरकतो.

चौथी तपासणी: भिंत आणि कापड

चुना दिलेली पांढरी भिंत उत्तम. आपल्याकडे देवळांना, शाळांना निळा-हिरवा किंवा भगवा रंग असतो. त्यावर रंग बिघडतात आणि उजेडही भिंत गिळते. मग पांढरी सुती चादर घ्या, पण दुहेरी करून, कारण एकेरी कापडातून उजेड मागं निघून जातो. इस्त्री केलेली हवी आणि वर-खाली बांबू घालून ताणलेली. सुरकुती राहिली की तिथं अक्षर वाकतं. चकचकीत फ्लेक्स लावू नका, मधोमध डोळ्यात जाणारा ठिपका पडतो.

पाचवी तपासणी: तापून बंद पडतो का

आता बंद पडण्याकडे येतो. मेमध्ये मराठवाड्यात पारा बेचाळीसच्या आसपास जातो आणि रात्री आठलासुद्धा दगडी मंडपात पस्तीसच्या खाली येत नाही. या यंत्रांच्या माहितीपत्रकात वापरण्याची कमाल मर्यादाच बहुधा पस्तीस ते चाळीस अंश दिलेली असते. म्हणजे आपण सुरुवातच काठावरून करतो. त्यापुढं थोडी जरी हवा अडली की आतला संरक्षक यंत्र बंद करतो. तो बिघाड नाही, यंत्र वाचवण्याची सोय आहे.

अण्णांना मी म्हणालो, त्या दिवशी जसं ठेवलं होतं तसंच ठेवून दाखवा. त्यांनी पितळी पातेलं उपडं घातलं, घसरू नये म्हणून त्यावर सतरंजीची घडी घातली आणि घडीवर प्रोजेक्टर ठेवला. मी तो उचलून उलटा केला. हवा आत घेणारी जाळी तळाला होती आणि सतरंजीचे तंतू तिला चिकटलेले होते. पाच मिनिटं चालू ठेवून हवा बाहेर फेकणाऱ्या बाजूला बोटभर रुंदीची कागदाची पट्टी धरली. पट्टी नुसती थरथरत होती. मग तोच प्रोजेक्टर स्टुलाच्या लाकडावर, चार कोपऱ्यांखाली बाटलीची चार झाकणं घालून ठेवला. पट्टी आडवी उडायला लागली. त्या रात्री तो सलग दोन तास चालला आणि एकदाही बंद पडला नाही.

ही पट्टीची तपासणी तुम्हीही करा. पट्टी नीट उडत असूनही यंत्र तापून बंद पडत असेल, तर जाळीतली धूळ बघा. यंत्र पूर्ण बंद करून मऊ, कोरड्या ब्रशनं बाहेरून झाडा. पंक्चरच्या दुकानातल्या कॉम्प्रेसरची हवा मारू नका. धूळ आत आरशा-भिंगांवर जाऊन बसते आणि पंख्याची पातीही मोडतात.

आणि येताना प्रोजेक्टर गाडीच्या डिकीत किंवा बंद जीपच्या काचेखाली ठेवून आणू नका. तापलेला तसाच लावला की दहा मिनिटांत बंद पडतो आणि बॅटरीचं आयुष्य घटतं ते वेगळंच. पिशवीत सुती कापडात गुंडाळून आणा, पोहोचल्यावर सावलीत अर्धा तास ठेवा आणि मगच चार्जिंगला लावा.

सहावी तपासणी: बॅटरी खरंच किती चालते

उष्णतेचा संशय फिटला तरी बंद पडत असेल तर बॅटरी मोजा. घरी पूर्ण चार्ज करा, कार्यक्रमाचाच व्हिडिओ त्याच उजेडाच्या पातळीवर पुन्हा पुन्हा चालू ठेवा आणि घड्याळ लावा. खोक्यावरची दोन-अडीच तासांची वेळ बहुधा सगळ्यात मंद उजेडावरची असते. दीड तास आला तर दीडच धरा, आणि त्यातलाही पाऊण हिस्साच कार्यक्रमासाठी हिशेबात घ्या.

अण्णांच्या बैठकीत आणखी एक गोष्ट झाली होती. सरपंचांचं स्वागत आणि दोन भाषणं होईपर्यंत पस्तीस मिनिटं प्रोजेक्टर निळा पडदा दाखवत चालूच होता. बॅटरी तर गेलीच, यंत्रही तेव्हाच तापायला लागलं होतं. जोडणी तपासून झाली की बंद करा, आणि भाषण संपत आलं की लावा. व्हिडिओ सुरू व्हायला अर्धं मिनिट लागलं तरी कुणी रागावत नाही.

लाईट गेली तर काय, म्हणून लोक पॉवर बँक घेऊन येतात आणि ती चालत नाही. साधी पॉवर बँक ५ व्होल्ट, २ अँपिअर देते, म्हणजे दहा वॅट. माझ्या मीटरवर अण्णांचा प्रोजेक्टर मंद उजेडावर अठरा वॅट ओढत होता. चार्जिंगचं चिन्ह दिसतं आणि बॅटरी उतरतच राहते, त्याचं कारण हे. प्रोजेक्टरच्या अडॅप्टरवर काय छापलंय ते वाचा. यांच्यावर १५ व्होल्ट, ३ अँपिअर होतं आणि तोंड यूएसबी टाईप-सी होतं. मग पॉवर बँकेवर `PD` लिहिलेलं हवं, आणि बारीक अक्षरांत १५ व्होल्ट, ३ अँपिअरही हवं.

किती वेळ चालेल त्याचा हिशेब असा. पॉवर बँकेवर २०,००० एमएएच लिहिलेलं असतं ते आतल्या ३.७ व्होल्टच्या सेलचं. गुणाकार केला तर ७४ वॅट-तास येतात. रूपांतरात काही वाया जातात, हाती साठेक उरतात. साठ भागिले अठरा, म्हणजे तीन तासांच्या वर. बैठकीला भरपूर झालं.

प्रोजेक्टरला गोल पिनेचा १२ किंवा १९ व्होल्टचा अडॅप्टर असेल तर ही सोय सरळ लागू होत नाही. `PD` लिहिलेल्या सगळ्याच पॉवर बँका १२ व्होल्ट देत नाहीत. अशा वेळी घरचा इन्व्हर्टर आणि मूळ अडॅप्टर हाच सुरक्षित मार्ग. ट्रॅक्टरच्या किंवा मोटारसायकलच्या बॅटरीला वायरी लावून प्रोजेक्टर चालवू नका. नाव बारा व्होल्टचं असलं तरी इंजिन चालू असताना ती चौदाच्या वर जाते आणि मध्येच झटका मारते. असे जळालेले दोन प्रोजेक्टर माझ्याकडे आले होते, आणि दोन्ही दुरुस्त झाले नाहीत.

सातवी तपासणी: फोनची जोडणी

हे थोडक्यात सांगतो. फोनच्या टाईप-सी तोंडाला वायर लावली की चित्र येईलच असं नाही. फोनमध्ये टाईप-सीतून चित्र बाहेर पाठवायची सोय असावी लागते आणि स्वस्त फोनमध्ये ती बहुधा नसते. वायर बदलत बसू नका. बिनतारी आरसा-पद्धत वापरा. फोनवर ती `Smart View`, `Cast` किंवा `Screen mirroring` अशा नावांनी असते. ओटीटीवरचे सिनेमे पुष्कळदा असे पाठवता येत नाहीत, आवाज येतो आणि पडदा काळा राहतो. ती त्या अॅपनं घातलेली बंदी असते, प्रोजेक्टरचा दोष नसतो.

गावात नेटवर्कचा भरवसा नसतो आणि गर्दीत तीस फोन असले की बिनतारी जोडणीही अडखळते. म्हणून मी व्हिडिओ आधीच उतरवून पेन ड्राईव्हमध्ये घेतो आणि फोन फक्त राखीव ठेवतो. पेन ड्राईव्ह एफएटी-३२ पद्धतीचा असेल तर चार जीबीपेक्षा मोठी फाईल त्यात बसत नाही, आणि छोट्या प्रोजेक्टरवर एच-२६४ प्रकारची एमपी-४ फाईल सगळ्यात बिनघोर चालते. फोनवरूनच दाखवणार असाल तर एअरप्लेन मोड लावून फक्त वायफाय सुरू करा, नाहीतर मध्येच कुणाचा फोन येतो आणि त्याचं नाव सगळ्या गावाला भिंतीवर दिसतं.

इथं थांबा आणि जाणकाराकडे न्या

वरच्या तपासण्या तुम्ही स्वतः करा. पुढच्या गोष्टी दिसल्या की मात्र यंत्राला हात लावू नका.

प्रोजेक्टर सपाट टेबलावर डुगडुगतो, तळ फुगलाय किंवा जोडाच्या फटी रुंदावल्यात: आतली बॅटरी फुगली आहे. चार्जिंग लगेच काढा, दाबू नका, टोचू नका, घरात कपड्यांजवळ ठेवू नका. ती लिथियमची असते आणि पेट घेऊ शकते. बॅटरी बदलण्याचं काम दुकानातच करून घ्या.

करपल्याचा वास आला, किंवा अडॅप्टरवर लावूनही पाच-सात मिनिटांत बंद पडतो आणि पंख्याचा आवाजच येत नाही: पंखा गेला आहे. तसाच पुन्हा पुन्हा लावला तर आतला एलईडी जातो आणि खर्च वाढतो.

चित्रात पांढरे किंवा काळे ठिपके दिसतात, फोकस बदलला तरी जागचे हलत नाहीत आणि आठवड्या-आठवड्याला वाढतात: डीएलपी प्रकारच्या यंत्रात तो चित्र घडवणाऱ्या चिपचा दोष असतो. साफ करून जात नाही. चिप बदलायचा खर्च आधी विचारा, कारण पुष्कळदा तो नव्या यंत्राच्या जवळ जातो.

वॉरंटीत असेल तर कुणालाच उघडू देऊ नका, मलासुद्धा नाही. दुकानात येताना प्रोजेक्टरसोबत त्याचा मूळ अडॅप्टर आणा, आणि एका कागदावर लिहून आणा: भिंतीपासून किती फुटांवर ठेवला होता, कशावर ठेवला होता, लाईटीवर होता की बॅटरीवर, किती मिनिटांनी बंद पडला आणि परत किती वेळानं सुरू झाला.